‘असहमत’ला दोन गुण की चार?

एम.एड.च्या प्रबंधासाठी मी नववीच्या मुलांची गणिताबद्दलची अभिवृत्ती मोजत होते. प्रत्येक विधानापुढे पाच पर्याय होते: पूर्ण असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्ण सहमत. उत्तरं गुगल फॉर्मवर भरून घेतली, त्यामुळे शीटमध्ये सगळे शब्दच आले. त्यांचे 1 ते 5 असे आकडे करायचे म्हणून मी ‘फाइंड अँड रिप्लेस’ने ‘सहमत’च्या जागी 4 टाकला. ‘असहमत’चं ‘अ4’ झालं आणि ‘पूर्ण सहमत’चं ‘पूर्ण 4’. आपल्या भाषेत ‘असहमत’च्या पोटातच ‘सहमत’ आहे, हे तेव्हा लक्षात आलं. म्हणून शब्द बदलत बसू नका, शेजारच्या नव्या रकान्यात सूत्र लिहा:

```
=MATCH(C2,{"पूर्ण असहमत","असहमत","तटस्थ","सहमत","पूर्ण सहमत"},0)
```

यादीत तो शब्द कितव्या क्रमांकावर आहे, तो आकडा मिळतो. मूळ उत्तराचा रकाना जसाच्या तसा राहतो, आणि पुढे तो फार कामाला येतो.

आता उलटे गुण. माझ्या प्रश्नावलीतली चार विधानं घेते:

1. गणिताचा तास मला आवडतो.
2. गणिताच्या परीक्षेआधी पोटात गोळा येतो.
3. गणितं सोडवताना वेळ कसा जातो ते कळत नाही.
4. गणित ऐच्छिक असतं तर मी ते घेतलं नसतं.

गणित आवडणाऱ्या एका मुलीची उत्तरं अनुक्रमे 5, 2, 4, 1 होती. बेरीज 12. गणिताला कंटाळलेल्या एका मुलाची 1, 4, 2, 5. त्याचीही बेरीज 12! दोघं दोन टोकांची आणि आकडा एकच, कारण दुसऱ्या आणि चौथ्या विधानाशी सहमत होणं म्हणजे गणित नावडणं. ही दोन विधानं उलटवली की मुलीचे 5, 4, 4, 5 म्हणजे 18 होतात आणि मुलाचे 1, 2, 2, 1 म्हणजे 6. तेव्हा कुठे मोजपट्टी मोजायला लागते.

उलटवायची रीत सोपी आहे. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा गुण यांची बेरीज करायची आणि तिच्यातून मिळालेला गुण वजा करायचा. 1 ते 5 असेल तर 6 मधून. पण ‘सहामधून वजा’ एवढंच पाठ करू नका. रोझेनबर्ग यांच्या 1965च्या आत्मसन्मान श्रेणीत दहा विधानं आहेत, त्यांतली पाच उलटी, आणि पर्याय चारच. तिथे 1 ते 4 गुण दिले तर 5 मधून वजा करायचं, 0 ते 3 दिले तर 3 मधून.

माझी खरी चूक तिसऱ्या विधानात झाली. त्यात ‘नाही’ दिसलं आणि मी ते नकारार्थी समजून उलटवलं. पण वेळ कसा जातो ते कळत नाही, म्हणजे मन रमलंय! त्या मुलीचे 18 चे 16 झाले. विधान उलटं आहे की नाही हे वाक्यातल्या ‘नाही’वरून ठरत नाही. ‘पूर्ण सहमत’ म्हणणाऱ्याच्या मनात गणिताबद्दल ओढ आहे की नावड, एवढंच विचारायचं. दुसऱ्या विधानात एकही नकार नाही, तरी ते उलटं आहे.

ही चूक सापडली ती अशी: प्रत्येक विधानाचे गुण आणि बाकीच्या विधानांची बेरीज यांचा सहसंबंध `CORREL`ने काढला. तिसऱ्याचा ऋण आला. ऋण सहसंबंध दिसला की आधी उलटवण्यातच चूक झाली का ते पाहावं. एकच विधान दोनदा उलटवलं गेलं तरी असंच दिसतं.

दुसरा खड्डा रिकाम्या घरांचा. आकडे सूत्राऐवजी हाताने भरले असतील, `=6-E2` लिहिलं आणि E2 रिकामं असलं, तर एक्सेल त्याला शून्य धरतं आणि उत्तर 6 येतं. पाचाच्या श्रेणीत सहा गुण! म्हणून असं लिहा:

```
=IF(E2="","",6-E2)
```

आणि रकान्याचा `MAX` एकदा पाहून घ्या.

काही मुलांनी सगळीकडे ‘पूर्ण सहमत’ ठोकलं होतं. उलटवल्यावर त्यांचे 5, 1, 5, 1 म्हणजे 12 होतात आणि ती तटस्थ वाटू लागतात. ती फक्त मूळ रकान्यातच ओळखू येतात. मी त्यांची उत्तरं वेगळी काढली आणि प्रबंधात तसं नोंदवलं.

चौथं विधान मात्र सूत्राने सुधारलं नाही. ‘घेतलं नसतं’ला ‘असहमत’ म्हणजे घेतलं असतं, ही दुहेरी उडी बऱ्याच मुलांना जमली नाही. चार-पाच जणांना समोर बसवून मोठ्याने वाचायला लावलं तेव्हा एकजण म्हणाला, “बाई, मला गणित आवडतं, म्हणून मी सहमत लिहिलं.” पुढच्या वर्गांसाठी मी ते विधान ‘गणित मला नकोसं वाटतं’ असं केलं. तेही उलटंच आहे, पण मुलं ते एका दमात वाचतात.