फिशर एस्टरिफिकेशन: रात्रभर उकळून एस्टर वाढत नाही, या चुका टाळा

आम्ल आणि अल्कोहोल थोड्या सल्फ्युरिकसोबत उकळून एस्टर आणि पाणी मिळवायचं, हे फिशर एस्टरिफिकेशन; आणि तयार झालेलं पाणी हीच अभिक्रिया उलटीही फिरवतं. एस्टरचा उतारा कमी आला की नवशिक्यांचं उत्तर ठरलेलं असतं: अजून उकळू या, थोडं सल्फ्युरिक अजून घालू या. मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता आधी एकच विचारतो, "पाण्याचं काय केलंस?" उत्तर बहुतेक वेळा येत नाही.

एका विद्यार्थ्याचा किस्सा सांगतो. त्याला ब्युटिल अॅसिटेट करायचं होतं. अर्धा मोल म्हणजे 37 ग्रॅम ब्युटेनॉल, अर्धा मोल म्हणजे 30 ग्रॅम ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड आणि 1 मिली तीव्र सल्फ्युरिक. सगळं एका फ्लास्कमध्ये, वर साधा कंडेन्सर. हिशेबानं 58 ग्रॅम एस्टर मिळायला हवं. त्यानं रात्रभर रिफ्लक्स केला आणि हाती 36 ग्रॅम आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच मापानं पुन्हा मांडणी केली, फक्त सल्फ्युरिक 5 मिली घातलं आणि परत रात्रभर उकळलं. सकाळी फ्लास्कमध्ये कोऱ्या चहासारखा तपकिरी द्रव होता. एस्टर जवळपास तेवढंच आणि कामाला अयोग्य. गरम तीव्र आम्ल ब्युटेनॉलमधलं पाणी काढून त्याचं ईथर आणि ब्युटीन करू लागतं, काही भाग करपतो. म्हणजे त्यानं एस्टर वाढवलं नाही, कचरा वाढवला.

त्याला पटेना, म्हणून पहिली मांडणी आम्ही पुन्हा केली आणि अधूनमधून 1 मिली नमुना काढून थंड पाण्यात टाकून लगेच 0.5 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडशी टायट्रेट केला. सुरुवातीला ब्युरेट 14 मिलीच्या पुढे गेलं होतं. 3 तासांनी 5.4. दुसऱ्या दिवशी सकाळी, 5.4. त्यातला साधारण 1 मिली सल्फ्युरिकचाच, म्हणजे अॅसेटिक अॅसिड सुरुवातीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं उरलेलं आणि तिथेच थांबलेलं. मधले सगळे तास फक्त वीज जळली.

हे तिसऱ्या हिश्शाचं गणित साधं आहे. अशा साध्या आम्ल-अल्कोहोल जोडीचा समतोल स्थिरांक साधारण 4 असतो. एस्टर 2/3, पाणी 2/3, उरलेलं आम्ल 1/3, अल्कोहोल 1/3. एस्टर आणि पाण्याचा गुणाकार भागिले आम्ल आणि अल्कोहोलचा गुणाकार केला की 4 येतात. बर्थेलो आणि पेआँ द सँ-जिल यांनी 1862 च्या सुमारास अॅसेटिक अॅसिड आणि एथेनॉलवर हेच मोजून दाखवलं होतं. उत्प्रेरक तुम्हाला या जागी लवकर पोचवतो, जागा बदलत नाही. आच वाढवूनही फारसं हलत नाही, कारण या अभिक्रियेत उष्णतेची देवाणघेवाण नगण्य आहे. फिशर आणि स्पायर यांची 1895 ची पद्धत सोपी आहे, पण ती तुमच्या घाईला दाद देत नाही.

मग करायचं काय? दोनच वाटा: एक घटक जास्त घ्या, नाहीतर पाणी बाहेर काढा.

जास्त घेताना कोणता घ्यायचा, इथे लोक दुसऱ्यांदा पडतात. "अल्कोहोल जास्त घ्या" हे पाठ झालेलं असतं. ब्युटेनॉल 118 अंशांना उकळतं, ब्युटिल अॅसिटेट 126 ला. तिप्पट ब्युटेनॉल घेऊन एस्टर 90 टक्क्यांपर्यंत नेलंत, तरी नंतर ते उरलेलं ब्युटेनॉल वेगळं करताना नाकी नऊ येतील. इथे अॅसेटिक अॅसिड तिप्पट घ्या. टक्का तोच मिळतो आणि उरलेलं आम्ल सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणानं धुऊन जातं. मिथाइल बेंझोएटसाठी मात्र उलट: मिथेनॉल ढीगभर घ्या, ते सहज उडवता येतं. नंतर काय सोप्या रीतीनं निघेल ते आधी पाहायचं, मग ठरवायचं. आणि हावरेपणा नको. एकास एकवरून एकास तीनवर गेलात तर 67 चे 90 होतात. तिनावरून दहावर गेलात तर 97. त्या सात टक्क्यांसाठी धुणं किती वाढतं, तेही मोजा.

मी स्वतः ब्युटिल अॅसिटेटला डीन-स्टार्क लावतो, म्हणजे फ्लास्क आणि कंडेन्सरच्या मध्ये बसणारा, पाणी वेगळं साठवणारा काचेचा ट्रॅप. अॅसिड 0.55 मोल, ब्युटेनॉल अर्धा मोल, सल्फ्युरिकऐवजी 1 ग्रॅम पॅरा-टोल्युइन सल्फोनिक अॅसिड. ट्रॅप आधी ब्युटेनॉलनं भरून ठेवायचा, नाहीतर तो भरेपर्यंत फ्लास्क उगाच रिकामा होत राहतो. वाफ 90-91 अंशांच्या आसपास वर येते, कारण पाणी, ब्युटेनॉल आणि एस्टर तिघं मिळून उकळतात. ट्रॅपमध्ये पाणी खाली बसतं, वरचा थर परत जातो. अपेक्षित पाणी 9 मिली. प्रत्यक्षात थोडं जास्त दिसतं, कारण त्यात थोडं ब्युटेनॉल आणि अॅसिड विरघळलेलं असतं. 10 मिली दिसले म्हणून 111 टक्के उतारा आला असं वहीत लिहू नका. असं लिहिलेलं मी पाहिलंय.

पाणी 5-6 मिलीवर अडलं तर अभिक्रिया संपली असं समजू नका. आधी ट्रॅपच्या नळीला हात जवळ नेऊन पाहा. उघडी नळी थंड पडली की वाफ वर पोचण्याआधीच फ्लास्कात परत पडते. कापूस आणि वर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली की पाणी पुन्हा टपकू लागतं. थेंब थांबले, वाफेचं तापमान चढू लागलं आणि टायट्रेशनही स्थिर झालं की मगच थांबा.

हाच डीन-स्टार्क एकानं मिथाइल एस्टरला लावला होता. मिथेनॉल 65 अंशांना उकळतं आणि पाण्यात पूर्ण मिसळतं. ट्रॅपमध्ये दोन थर झालेच नाहीत. तो दर तासाला "पाणी" म्हणून मिथेनॉल काढून टाकत होता आणि संध्याकाळी आम्ल जवळपास होतं तसंच उरलं. एथेनॉललाही हा ट्रॅप साध्या मांडणीत उपयोगाचा नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. ओली काचभांडी आणि पाणी ओढलेलं अॅसिड: सुरुवातीलाच एकास एक मोल पाणी असेल तर 67 टक्क्यांचे 54 होतात. पाणी शोषायला म्हणून मॉलिक्युलर सीव्ह सल्फ्युरिकच्या फ्लास्कात टाकू नका, आम्ल त्यांची चाळण खातं. तृतीयक अल्कोहोलवर ही पद्धत वापरू नका, अल्कीन हाती येईल.

आणि धुताना बायकार्बोनेटच, तेही थोडं थोडं, फनेलची चावी वारंवार उघडून वायू सोडत. "लवकर होतं" म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड घातलंत, तर एस्टरचं विघटन तुम्हीच सुरू कराल. उत्प्रेरक न धुता ओलं मिश्रण ऊर्ध्वपातनाला लावलंत तरी तेच: आत पाणी आहे, आम्ल आहे, उष्णता आहे, समतोल परत मागे सरकायला आणखी काय हवं? मी एस्टर दोनदा बायकार्बोनेटनं, एकदा मिठाच्या संपृक्त द्रावणानं धुतो, लिटमस बदलत नाही हे पाहतो, निर्जल मॅग्नेशियम सल्फेटवर वाळवतो आणि मगच फ्लास्क चढवतो.