पंचेचाळीस किलो फिल्म जाते कुठे?

बी.कॉम. करून वाळपईकडच्या एका काजू पॅकिंग युनिटच्या स्टोअरमध्ये लागले, तेव्हा पहिल्याच तिमाहीत हे भूत भेटलं. पाकिटांची छापील फिल्म रोलवर येते, किलोवर विकत घेतात. डिसेंबरअखेरच्या मोजणीत ती सिस्टीमपेक्षा ४७ किलो कमी भरली. आधीच्या तिमाहीत ३१ किलो कमी होती. दर वेळी 'मोजणीतील फरक' असं लिहून ॲडजस्टमेंट एंट्री पडायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

साहेबांनी सांगितलं, "पाच वेळा 'का' विचार." ही टोयोटाची पद्धत, हे मला कॉलेजात पाठ होतं. पाठ असणं आणि करणं यातला फरक दुसऱ्याच 'का'ला कळला.

पहिला 'का': माल कमी का भरला? उत्तरं लगेच आली. मोजणारा चुकला असेल. कोणी नेत असेल. चोरीचा विचार मी लवकर सोडला, कारण आमचं नाव छापलेली फिल्म दुसऱ्याच्या काय कामाची? मोजणीचा मात्र सोडला नाही. उघडलेले रोल दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याच्या नळीचं वजन वजा करून पुन्हा तोलले. फरक एक-दोन किलोचाच निघाला. म्हणजे मोजणी ठीक होती, सिस्टीमचा आकडाच फुगलेला होता.

तो का फुगला? आमच्याकडे रोल मशीनवर गेला की वजा होत नाही. तयार पाकिटांची नोंद झाली की सिस्टीम हिशेबाने फिल्म वजा करते, दर पाकिटाला ८ ग्रॅम आणि वर २ टक्के वेस्टेज. खरी किती गेली, हे कुणीच तोलत नाही.

मग हिशेब कमी का पडतो? इथे मी खुर्चीत बसून उत्तर लिहिणार होते, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. बरं झालं, आधी मशीनपाशी जाऊन उभी राहिले. खारे काजू संपवून मिरीचे लावायचे म्हणजे रोल बदलायचा. नवी फिल्म ओढायची, सीलचं तापमान बसवायचं, छापील खूण फोटोसेलला जुळवायची. तोवर रिकामी पाकिटं पडत राहतात. "मॅडम, पाकीट धरेपर्यंत फिल्म जातेच की," ऑपरेटर म्हणाला, जसं काही हे सगळ्यांनाच माहीत आहे. होतंच, फक्त स्टोअरला नव्हतं. आठवडाभर प्रत्येक बदलाचा कचरा वेगळ्या पोत्यात भरून तोलला, तर सरासरी ८५० ग्रॅम आला.

आता आकडे जुळतात का, ते पाहणं आलं. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये १,२०,००० पाकिटं झाली, म्हणजे ९६० किलो फिल्म. तिचे २ टक्के साधारण १९ किलो. मशीनच्या लॉगबुकात त्याच काळात रोल ७५ वेळा बदललेला, म्हणजे जवळपास ६४ किलो कचरा. तफावत ४५ किलो, आणि आमची तूट ४७! एका तिमाहीवर विश्वास ठेवू नये म्हणून मागची तपासली: ९०,००० पाकिटं, ५० बदल. हिशेबाने २८ किलो यायला हवी होती, आली ३१. शिवाय भंगारवाल्याच्या गेटपासावर फिल्मच्या कचऱ्याचं वजन तारखेसकट पडून होतं. दोन्ही तिमाह्यांत ते माझ्या हिशेबाच्या आसपासच होतं. नव्या मुलांना मी ही फाईल आधी काढायला सांगते.

२ टक्के का अपुरे पडले? तो आकडा बसवला तेव्हा तिमाहीला वीस-बावीस बदल व्हायचे, आणि तेवढ्याला २ टक्के पुरतात. पुढे कळंगुट-पणजीच्या दुकानांच्या छोट्या ऑर्डरी वाढल्या, चवी वाढल्या. कचरा पाकिटांच्या संख्येवर नव्हे, रोल बदलण्यावर अवलंबून असतो. टक्केवारीत तो कधीच नीट बसला नसता. पावसाळ्यात पर्यटक कमी, म्हणून तूटही कमी, हेही त्यातच उलगडलं.

आणि हे इतके दिवस कुणाला दिसलं का नाही? कारण ॲडजस्टमेंटच्या फॉर्मवर कारण एकच छापलेलं, 'मोजणीतील फरक'. दर तिमाहीला आम्हीच पुरावा पुसत होतो. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा 'का' हाच होता, आणि तो विचारायला साहेबांनाही थोडं जड गेलं, कारण सह्या त्यांच्या होत्या.

आता वेस्टेजची टक्केवारी काढून टाकलीय. रोल बदलला की कचरा तोलून स्वतंत्र एंट्री होते, आणि ५ किलोवरची ॲडजस्टमेंट लॉगबुक जोडल्याशिवाय पास होत नाही. पुढच्या तिमाहीत ३ किलो तूट आली. ती बहुधा नळ्यांची असावी, कारण पुरवठादार बदलला की नळीचं वजन बदलतं आणि आम्ही मात्र एकच आकडा वजा करतो. सध्या प्रत्येक रिकामी नळी तोलून ठेवतेय.