एका अंशाने काय होतंय? प्रवाळांच्या टेबलाची तयारी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा प्रवाळांचा विषय घ्यायचा ठरला, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, मे महिन्यात आपल्या सोलापुरात पारा 44 ला जातो. सकाळी 27 असतो, दुपारी 43. तरी झाडं, गाई, माणसं सगळी राहतात. मग समुद्र एका अंशाने तापला तर प्रवाळ का मरतात? एका अंशाने काय होतंय?" आमची सगळी तयारी या एका प्रश्नाभोवती झाली. टेबलासमोर येणारा प्रत्येक सोलापूरकर हेच विचारणार, म्हणून खाली लिहिलेली प्रत्येक वस्तू या उत्तरासाठीच जमवायची आहे.

आठवडाभर आधी प्रयोगशाळेतून दोन थर्मामीटर मागून घ्या. ताप मोजायचे चालणार नाहीत, पाण्यात बुडवायचे लांब दांडीचे लागतील. एक व्हरांड्यात सावलीत टांगा, दुसरा शाळेच्या पाण्याच्या हौदात दोरीने हातभर खाली सोडा. सकाळी 7, दुपारी 2 आणि शाळा सुटताना असे दिवसातून तीनदा दोन्ही आकडे वहीत लिहा, सलग पाच दिवस. हवेचा आकडा दहा-पंधरा अंश वरखाली होताना दिसेल, हौदाचा जेमतेम दोन-तीन. हौद उन्हात असेल तर वरचा थर जास्त तापतो, म्हणून थर्मामीटर दर वेळी त्याच खोलीवर ठेवायचा. हौदभर हवेला एक अंश तापवायला जितकी उष्णता लागते, त्याच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता हौदभर पाण्याला लागते. एक हौद इतका संथ, तर अख्खा समुद्र किती संथ असेल? प्रवाळ अशा संथ पाण्यात वाढलेले असतात. आपल्या अंगणातल्या चिंचेला दिवसाला पंधरा अंशांची सवय असते, त्यांना वर्षाकाठी चार-पाच अंशांची. म्हणून तिथला एक अंश आणि आपल्या अंगणातला एक अंश सारखे नाहीत. ही वही टेबलावर उघडी ठेवा. पाहुण्यांना छापील चित्रापेक्षा तुमच्या हातचे आकडे जास्त पटतात, हा माझा अनुभव आहे.

पुढचं सामान घरातलंच आहे. पांढऱ्या खडूचे तीन जाड तुकडे, दोन लहान पारदर्शक पिशव्या, मूठभर जवस आणि हिरवट काळ्या लोकरीचा गुंता. जवस आपल्याकडे चटणीसाठी घरोघरी असतो, आणि त्याचा चकचकीत तपकिरी रंग इथे अगदी जुळतो. आधी स्वतः नीट समजून घ्या, म्हणजे दाखवताना अडखळणार नाही. प्रवाळ हा प्राणी आहे. झाडासारखा दिसतो, दगडासारखा लागतो, पण असतो प्राणीच. काही मिलिमीटरचे हजारो जीव शेजारी शेजारी राहतात आणि आपल्याखाली चुनखडीचा सांगाडा रचत जातात. आपल्या घरातली शहाबादी फरशीही चुनखडीचीच. हा सांगाडा पांढरा असतो आणि त्यावरचं प्राण्याचं अंग जवळजवळ पारदर्शक. मग रंग कुठून येतो? त्या अंगातल्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, रंग मुख्यतः त्यांचा. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतात. प्रवाळाची बहुतेक भूक यावरच भागते.

पहिल्या पिशवीत खडू ठेवा आणि चहूबाजूंनी जवस इतका दाबून भरा की खडू दिसणार नाही. हा निरोगी प्रवाळ. दुसऱ्या पिशवीत फक्त खडू. हा पांढरा पडलेला. तिसरा खडू पिशवीशिवाय ठेवून त्यावर लोकर गुंडाळा. हा मेलेला. पाहुण्यांसमोर पहिल्या पिशवीतून जवस ओतून दाखवा आणि विचारा, पिशवी फाटली का? नाही. म्हणजे प्राण्याचं अंग शाबूत आहे, प्रवाळ जिवंत आहे, फक्त अन्न देणारे सोबती निघून गेलेत आणि खालचा सांगाडा दिसतोय. पाणी लवकर निवलं तर उरलीसुरली शैवालं वाढून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत रंग परत येतो. नाही निवलं तर भुकेने अंग झडतं आणि उघड्या सांगाड्यावर दुसरीच, केसाळ शैवालं चढतात. पाणबुडे हाच फरक बघतात: लख्ख पांढरं आणि वर अंग शाबूत असेल तर अजून जिवंत, केसाळ हिरवट-काळपट थर चढला असेल तर तो भाग मेला. वर्तमानपत्रात पांढऱ्या प्रवाळांच्या फोटोखाली सर्रास "मृत प्रवाळ" लिहिलेलं असतं. ते चूक आहे, आणि तिसरा खडू ठेवायचा तो त्यासाठीच.

शैवालं जातात का, हे कुणीतरी विचारेलच. उत्तर पाठ करू नका, क्रम लक्षात ठेवा. पाणी जास्त तापलं की शैवालातली अन्न बनवण्याची यंत्रणा बिघडते, पण वरून ऊन पडतच राहतं. न वापरलेल्या प्रकाशातून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि ती प्रवाळाच्या पेशींना इजा करतात. मग प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो. म्हणून उष्ण पाणी आणि कडक ऊन एकत्र आलं की हाल वाढतात, आणि ढगाळ दिवस थोडा दिलासा देतात.

आता मूळ प्रश्नाचा गाभा. त्यासाठी आलेख वही, लाल स्केचपेन आणि मोजपट्टी लागेल. डॉक्टरकडे गेलं की ते दोन गोष्टी विचारतात: ताप किती आहे आणि किती दिवस आहे. समुद्राचा अभ्यास करणारेही हेच दोन्ही धरून हिशेब मांडतात. अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान संस्थेचा एक विभाग उपग्रहांवरून जगभरच्या समुद्राचं तापमान मोजतो आणि प्रत्येक ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याचं नेहमीचं सरासरी तापमान पायरी म्हणून धरतो. पाणी या पायरीच्या एक अंश किंवा त्याहून जास्त वर गेलं तरच ते मोजायचं, आणि दर आठवड्याला जितके अंश वर तितके बेरजेत टाकायचे. ही बेरीज मागच्या 12 आठवड्यांची असते. ती 4 झाली की प्रवाळ पांढरे पडू लागण्याची शक्यता मोठी असते. 8 झाली की पांढरे पडणं सर्वदूर पसरतं आणि नाजूक जाती मरू लागतात.

एक उदाहरण आलेखावर आधीच काढून ठेवा. आकडे आपण वर्गात मांडलेले आहेत, हे तक्त्यावर स्पष्ट लिहा. एका बेटाची पायरी 30 अंश धरू. पहिल्या आठवड्यात पाणी 30.4. पायरीच्या वर आहे, पण एक अंशाच्या आत, म्हणून शून्य. दुसऱ्यात 31, बेरीज 1. तिसऱ्यात 31.2, बेरीज 2.2. चौथ्यात 31.5, बेरीज 3.7. पाचव्यात 31.3, बेरीज 5, म्हणजे 4 ची रेघ ओलांडली. सहाव्यात ढग आले, पाणी 30.8 ला उतरलं. लोकांना वाटतं संकट टळलं. पण बेरजेत काही वजा होत नाही, ती 5 वरच थांबते. सातव्यात 31.6 आणि आठव्यात 31.5, बेरीज 8.1. आता बघा, या दोन महिन्यांत पाणी एकदाही पायरीच्या दोन अंश वर गेलेलं नाही. "एका अंशाने काय होतंय?" याचं उत्तर इथे आहे. एक अंश एक दिवस आला तर फारसं काही होत नाही, पण तोच आठवड्यामागून आठवडे मुक्काम करून बसला की होतं. चौथ्या आणि आठव्या आठवड्यातली बेरीज पाहुण्यांनाच करायला सांगा.

पायरी ठिकाणानुसार बदलते, हे विसरू नका. इराणच्या आखातातले प्रवाळ उन्हाळ्यात 34 अंशांचं पाणीही सोसतात, कारण त्यांची नेहमीचीच पायरी वर आहे. म्हणून "प्रवाळ अमुक तापमानाला मरतात" असं वाक्य तक्त्यावर नको. आणि उपग्रह फक्त पृष्ठभागाचं तापमान बघतो, सुमारे 5 किलोमीटरच्या चौकोनाचं. खालून थंड प्रवाह येत असेल तर त्या चौकोनातला एखादा खडक वाचू शकतो. बेरीज धोक्याचा इशारा देते, पण खरं काय झालं ते पाण्यात उतरूनच कळतं.

खरं उदाहरण म्हणून लक्षद्वीपचा नकाशा लावा. तिथे 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातली चौथी अशी लाट जाहीर केली होती, लक्षद्वीपचा शेवटचा फटका त्याच काळातला. ही चार वर्षं एका रेषेवर मांडा आणि मधलं अंतर पेनाने लिहा: 12, 6, 8. फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ लवकर मरतात, पण वाढतातही भराभर, वर्षाला दहा सेंटिमीटरच्या आसपास. तरी मोकळा झालेला खडक पुन्हा भरायला त्यांना दहाएक वर्षं लागतात. गोल धोंड्यासारखे प्रवाळ जास्त तग धरतात, पण ते वर्षाला सेंटिमीटरभरच वाढतात. पहिल्या दोन फटक्यांमध्ये सावरायला वेळ होता, नंतर तो उरला नाही. मला तरी सगळ्या टेबलावर हीच रेषा सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यासाठी तक्त्यावर ऐसपैस जागा ठेवा.

काही प्रश्न नक्की येतील, त्यांची उत्तरं आदल्या संध्याकाळी एकमेकांना विचारून घ्या. बोटातल्या अंगठीचं पोवळं म्हणजे हेच का? नात्यातलं आहे, पण लाल पोवळ्याचा प्रवाळ खोल, अंधाऱ्या पाण्यात वाढतो, त्याच्यात शैवालं नसतात. प्रवाळ पांढरे पडण्याला इंग्रजीत ब्लीचिंग म्हणतात, मग पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतात का? नाही. सूतगिरणीत धाग्याचा रंग रसायनाने घालवतात, इथे रंगवालाच घर सोडून जातो. आपल्या महाराष्ट्रात आहेत का? आहेत, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात. पाणी का तापतंय? कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून हवेत जे वायू साठतात त्यांनी अडवलेल्या जादा उष्णतेतली 90 टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. एल निनोच्या वर्षी त्यावर आणखी भर पडते.

व्हिनेगरमध्ये शंख विरघळवून दाखवायचा मोह टाळा. तो समुद्राचं पाणी आम्ल होण्याचा विषय आहे, खरा आहे, पण वेगळा. दोन्ही एका टेबलावर आले की लोक व्हिनेगरमुळे प्रवाळ पांढरे पडतात असं समजून घरी जातात.

प्रदर्शनाच्या सकाळी शाळेच्या संगणकावर त्याच अमेरिकी विभागाचं संकेतस्थळ coralreefwatch.noaa.gov उघडून लक्षद्वीपची त्या दिवसाची बेरीज बघा. इंटरनेट ऐन वेळी दगा देतं, म्हणून आदल्या रात्रीही एकदा आकडा लिहून ठेवा. तक्त्याच्या खाली एक रिकामा चौकोन सोडलेला असेल, त्यात तारीख आणि तो आकडा पेन्सिलने लिहा. थंडीच्या दिवसांत तो बहुधा शून्य असेल. पुढच्या वर्षीच्या मुलांना तक्ता द्याल तेव्हा तोच चौकोन एप्रिल-मेमध्ये पुन्हा भरायला सांगा.