पित्ताशयातला खडा की आतड्यातला वायू : सावली ओळखताना

नाशिकमध्ये सोनोग्राफी शिकत असताना दिंडोरीकडच्या, द्राक्षबागेत काम करणाऱ्या एक बाई उजव्या बरगडीखाली दुखते म्हणून तपासणीला आल्या होत्या. रात्रीपासून उपाशी असल्याने त्यांचे पित्ताशय छान भरलेले होते. त्याच्या मानेजवळ एक ठळक पांढरा ठिपका व त्यामागे काळसर पट्टा दिसताच मी खडा समजून मोजमापही घेतले. तेव्हा आमच्या वरिष्ठ मॅडमनी एवढेच विचारले, “सावली स्वच्छ आहे की मळकट?”

खडा ध्वनिलहरी परतवतो आणि शोषूनही घेतो, त्यामुळे त्याच्यामागे जवळजवळ काहीच पोहोचत नाही आणि सावली काळीभोर, रेखीव कडांची पडते. वायूच्या पृष्ठभागावरून मात्र जवळजवळ सगळा ध्वनी उलटतो आणि तो प्रोब व वायू यांच्यामध्ये पुन्हापुन्हा ये-जा करतो. उशिरा आलेला प्रतिध्वनी खोलवरून आला असे मशीन समजते, म्हणून वायूच्या सावलीत करडे धुके भरलेले दिसते. माझ्या पट्ट्यात ते धुके होते. बाईंना डाव्या कुशीवर वळवून प्रोब आडवा धरल्यावर तो ठिपका पित्ताशयाच्या भिंतीबाहेर, शेजारच्या ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात असल्याचे दिसले, आणि थोड्या वेळात त्याचा आकारही बदलला.

परंतु कूस बदलताना पित्ताशयाच्या तळाशी ४ मिलिमीटरचा एक कण घरंगळला, आणि त्याला सावलीच नव्हती. खरा खडा तोच होता. खडा ध्वनिझोतापेक्षा अरुंद असला की ध्वनी त्याच्या बाजूंनी पुढे जातो. शिवाय पित्तात ध्वनी फारसा क्षीण होत नाही, पण मशीन खोलीनुसार ठरलेली वाढ देतच राहते. त्यामुळे पित्ताशयामागचा भाग मुळातच जास्त उजळ दिसतो आणि त्या उजेडात फिकट सावली बुजते. (यकृतातली पाण्याची गाठ ओळखतानाही हाच मागचा उजेड, आतला काळेपणा आणि पातळ भिंत हे तिन्ही एकत्र पाहावे, नुसत्या काळेपणावर विसंबू नये, कारण मशीनची ही वाढ, म्हणजे गेन, कमी असेल तर घन गाठही काळी दिसते.) मॅडमनी फोकस कणाच्या पातळीवर आणला, फ्रीक्वेन्सी वाढवली, खोलीवरचा गेन उतरवला आणि कंपाउंड इमेजिंग बंद केले, कारण वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रे एकत्र केली की बारीक सावली पुसट होते. त्यानंतर कणामागे एक अरुंद काळी रेघ स्पष्ट उमटली.

नवशिक्यांनी येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. पित्ताशयाच्या मानेत अडकलेला खडा कूस बदलूनही हलत नाही, म्हणून ‘हलला नाही, म्हणजे वायू’ असे समजणे चुकीचे ठरते. शिवाय मानेच्या वळणावर ध्वनी वाकल्यामुळेही सावली पडते, पण तिच्या माथ्यावर पांढरा ठिपका नसतो आणि प्रोबचा कोन बदलला की ती सरकते किंवा नाहीशी होते.