अचानक पोटदुखीची केस: तपासणीचा ठरलेला क्रम

पुण्यात शल्यचिकित्सेच्या प्रात्यक्षिक परीक्षेत अशी केस मिळाली, उदाहरणार्थ हडपसरचा, सांधेदुखीसाठी वेदनाशामके घेणारा, वरच्या पोटात एकाएकी कळ येऊन निपचित पडलेला पन्नाशीचा रुग्ण, तर पोटाला हात लावण्यापूर्वी नाडी, रक्तदाब, श्वसनगती आणि तापमान सांगावे. त्यानंतर श्वासाबरोबर पोट हलते का ते पाहावे, दुखऱ्या जागेपासून सर्वांत दूरच्या भागापासून हलक्या हाताने चाचपावे, यकृतावर बोटांनी ठोकून तिथला बद्द आवाज नाहीसा झाला आहे का ते ठरवावे आणि मग आतड्यांचे आवाज ऐकावेत. जांघेतील हर्नियाच्या जागा आणि गुदपरीक्षा हमखास राहून जातात. परीक्षक नेमके तेच विचारतात.

लाकडासारखे कडक पोट अल्सर फुटल्याचे सुचवते. शिरेतून द्रव सुरू करून रक्त तपासणीला पाठवावे. त्यात अमायलेज किंवा लायपेज असावे, कारण स्वादुपिंडदाहही असाच दिसतो. ईसीजीही काढावा. रुग्णाला शक्य असल्यास दहा मिनिटे बसवून मगच छातीचा उभा एक्स-रे घ्यावा, म्हणजे मोकळी हवा छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली जमते. ती दिसली नाही तरी छिद्र नाही असे म्हणू नये. रुग्ण स्थिर असल्यास सीटी स्कॅन सांगावा.