फायनल राउंडनंतर एचआर गप्प? असा मेल टाका

बीकेसीत शेवटची मुलाखत झाली आणि एचआरकडून काहीच कळेना, तर त्यांनी दिलेल्या तारखेनंतर दोन कामाचे दिवस थांबा. तारीखच दिली नसेल तर आठवडाभर. मग नवा मेल न लिहिता मुलाखतीच्या निमंत्रणालाच रिप्लाय करा, म्हणजे त्यांना तुमचं नाव-पद शोधत बसावं लागत नाही. नुसतं 'काही अपडेट?' टाळायला सोपं असतं. त्याऐवजी:

'नमस्कार मॅडम, १२ तारखेला अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी शेवटची मुलाखत झाली. निर्णय या आठवड्यात अपेक्षित आहे की पुढच्या? माझा नोटीस पीरियड ६० दिवसांचा आहे, म्हणून विचारतोय.'

याला दोन शब्दांत उत्तर देता येतं. चार-पाच दिवसांत तेही आलं नाही, तर एकच फोन. हातात नसलेल्या दुसऱ्या ऑफरचा धाक मात्र दाखवू नका. 'मग ती घ्या' म्हणाले तर बोलणंच खुंटतं.