मांजराचं भांडं कसं निवडावं: करवंटी, वाटी की बशी?

कोकणातल्या बऱ्याच घरांत मांजरासाठी मुद्दाम भांडं आणलेलं नसतं. नारळ खवून झाला की करवंटी मागच्या पडवीत जाते आणि तिच्यात कालवलेला मासे-भात मांजरापुढे येतो. मांजर वरवरचं खातं, तळाचं तसंच ठेवून निघून जातं आणि घरात म्हणतात, "माजलंय, आता याला नुसते मासेच हवेत." खरंच तसं असेलही. पण पुष्कळदा अडचण भाताची नसून भांड्याच्या आकाराची असते आणि ती घरच्या घरी तपासता येते.

मांजराच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना साधारण बारा-बारा लांब मिशा असतात, चार ओळींत. अंगावरच्या केसांपेक्षा त्यांची मुळं बरीच खोल असतात आणि प्रत्येक मुळाभोवती चेतातंतूंचं दाट जाळं असतं. मिशी स्वतः दुखत नाही, पण तिचं टोक जरा हललं तरी मुळाशी ते जाणवतं. अंधारात उंबऱ्याजवळची फट किती रुंद आहे, तोंडाजवळचं भक्ष्य नेमकं कुठे आहे, हे मांजराला तिथून कळतं. अरुंद भांड्यात तोंड घातलं की घासागणिक दोन्हीकडच्या मिशा काठावर घासतात आणि मागे मुडपतात. या सततच्या स्पर्शाने मांजर वैतागतं, यालाच मिशांचा थकवा म्हणतात.

हा काही निदान करण्याजोगा आजार नाही. मांजरांना दोन्ही प्रकारची भांडी देऊन केलेल्या एका अभ्यासात उथळ भांड्यातून ती जास्त खातात किंवा जास्त वेळ खातात, असं दिसलं नाही. मात्र दोन्ही भांडी शेजारी ठेवल्यावर अधिक मांजरांचा कल उथळ भांड्याकडे होता. तेव्हा भांडं बदलून मांजर धष्टपुष्ट होईल, ही अपेक्षा नको. प्रश्न त्याच्या सोयीचा आहे, आणि खर्च एका बशीचा.

आधी खाताना बघा

भांडं काठोकाठ भरलेलं असताना काहीच कळत नाही, कारण तोंड आत घालावंच लागत नाही. निम्मं संपल्यावर लक्ष द्या. मांजर पंजाने तुकडा बाहेर ओढून जमिनीवर खातं का? मधलं तेवढं खाऊन कडेचं सोडतं का? भूक असूनही भांड्यापाशी येतं, तोंड घालतं आणि मागे घेतं का? अशा खुणा दिसल्या तर पुढची तपासणी करा.

उरलेल्या अन्नाची परीक्षा

मांजर उठून गेलं की तळाचं उरलेलं अन्न एका सपाट बशीत पसरा आणि तिथेच ठेवा. त्याने परत येऊन ते खाल्लं तर संशय भांड्यावर जातो. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. अन्न हलवलं की वास नव्याने सुटतो आणि त्या वासानेही मांजर परत येतं. म्हणून दुसऱ्या दिवशी जे उरेल ते जुन्याच भांड्यात चमच्याने हलवून ठेवा. आता नुसतं हुंगून ते गेलं, आणि बशीतलं मात्र खाल्लं होतं, तर आकाराचीच अडचण समजा.

वेंगुर्ल्याच्या एका घरातली मनी करवंटीत जेवायची. करवंटीचं तोंड साधारण 10 सेंटिमीटर रुंद आणि खोली 5. शिवाय खाली जावं तशी ती निमुळती होते, त्यामुळे तळाशी भात पोचेपर्यंत तोंडाला जेमतेम 6-7 सेंटिमीटर जागा उरायची. मनी सुरमईचा तुकडा पंजाने ओढून लादीवर खायची आणि भात तसाच राहायचा. काकूंनी भात कमी केला, मासे वाढवले, तरी तळाचं उरायचंच. उरलेलं बशीत पसरल्यावर मनीने भातासकट खाल्लं. करवंटीतच हलवून दिल्यावर हुंगून निघून गेली. मग चहाची जुनी, 15 सेंटिमीटर रुंदीची बशी तिच्यासाठी ठरली. पंजाने ओढणं बंद झालं. भात मात्र ती आजही थोडा ठेवते, कारण तिला मासे जास्त आवडतात, आणि त्यावर कुठल्याच भांड्याचा इलाज नाही.

माप कसं धरायचं

काठाची रुंदी मोजून फसू नका. अन्न जिथपर्यंत असतं त्या पातळीला भांडं किती रुंद आहे ते मोजा. मांजर झोपलेलं असताना चेहऱ्याला न लावता समोर पट्टी धरा आणि मिशांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर अंदाजाने घ्या. साधारण मांजराला 15 सेंटिमीटरच्या आसपासचा तळ पुरतो, मोठ्या बोक्याला 17-18 घ्यावा. खोली अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. अगदी सपाट ताटलीही बरी नाही: मांजर जिभेने भात पुढे ढकलत नेतं आणि तो खाली सांडतो. सेंटिमीटरभर उभा काठ असला की घास तिथे अडतो आणि मिशा काठाच्या वर राहतात. पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या मांजरांना तर असंच भांडं लागतं.

चिनी मातीची जड बशी किंवा स्टीलची उथळ ताटली सगळ्यात बरी. प्लॅस्टिकवर चरे पडतात, त्यांत जंतू राहतात आणि काही मांजरांच्या हनुवटीवर काळे ठिपके उठतात. जर्मनची ताटली हलकी असल्याने लादीवर सरकत जाते. तीच वापरायची असेल तर खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. करवंटीचा आणखी एक दोष पावसाळ्यात दिसतो. आतल्या खडबडीत भागात अन्न अडकतं आणि दमट हवेत तिला बुरशी धरते.

उथळ भांड्याचा तोटा: मुंग्या

पसरलेलं अन्न लवकर सुकतं आणि मुंग्यांना सहज सापडतं. त्यासाठी एका मोठ्या परातीत बोटभर पाणी घाला, मधे उलटी वाटी ठेवा आणि तिच्यावर बशी. मुंग्या पाणी ओलांडत नाहीत, पण बशीची कड परातीला टेकली तर त्यांना पूल मिळतो, तेवढं बघा. एका वेळी थोडंच वाढा. मासे मीठ-मसाल्याशिवाय उकडून, काटे काढून द्या, आणि अर्ध्या तासात जे उरेल ते उचला. पाणीही रुंद भांड्यात, काठापर्यंत भरून ठेवा आणि रोज बदला, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात.

नवीन बशी पहिले काही दिवस जुन्या भांड्याच्या शेजारी ठेवा, दोन्हींत तेच अन्न घाला आणि रोज जागा बदला. नाहीतर मांजर भांडं निवडतंय की सवयीचा कोपरा, हे समजणार नाही.

मिशा कातरण्याचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका, त्याने मांजराचा अंदाज चुकतो. आणि तोंडातून घास गळणं, मान वाकडी करून एकाच बाजूने चावणं, लाळ, तोंडाला घाण वास, पंजाने तोंड ओरबाडणं यांपैकी काही दिसलं तर बशी बदलत बसू नका: हे दातांचं किंवा हिरड्यांचं दुखणं असू शकतं. मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर थांबू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, कारण मांजराला उपास लवकर बाधतो आणि त्याच्या यकृतावर परिणाम होतो.